मधाच्या बाटलीचं सील: एक पट्टी पुरे

पाटगावचा मध ५०० ग्रॅमच्या काचेच्या बाटलीत विकणार असाल, तर होलोग्राम आणि चार-पाच गोल शिक्के आधी बाजूला ठेवा. झाकणावरून काचेवर उतरणारी एकच पट्टी घ्या. रुंदी २० मिमी, लांबी ६५ मिमी: २५ झाकणाच्या माथ्यावर, १५ कडेवर, २५ काचेवर. काचेवर कमी उतरवलीत तर ती नखाने अलगद सुटते.

पट्टीचा कागद साधा, गुळगुळीत क्रोमो नको. हेअर ड्रायरची ऊब दिली की तो अख्खा निघतो आणि परत चिकटतो. सोलताना तुकडे होणारा स्टिकर मागा. छापणाऱ्याला कडेच्या भागात दोन तिरक्या चिरा द्यायला सांगा, म्हणजे झाकण फिरताच पट्टी तिथेच फाटते.

सील सुटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा भरताना ओघळलेला मध असतं. बाटली कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. आपल्याकडच्या पावसाळ्यात काच दमट राहते, तेव्हा ही कोरडी पुसणी चुकवू नका. २४ तासांनी एक बाटली ड्रायरने तापवून पट्टी सोलून बघा. अख्खी निघाली तर तो स्टिकरचा माल छापणाऱ्याला परत करा.

पट्टीवर फक्त बॅच क्रमांक छापा, तोच मागच्या लेबलवरही. जुळला नाही तर गिऱ्हाईकाला लगेच कळतं. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक मागे. पुढे एकच खूण, तीही प्रमाणपत्र हातात असेल तरच ॲगमार्कची. नसेल तर तिथे गावाचं नाव ठळक येऊ द्या.