'विक्री ३५ टक्क्यांनी वाढवली' असं रेझ्युमेत लिहू का?

*"मी यावलची, जळगावला बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. भुसावळच्या एका दुकानाची केळीचे वेफर्स आणि उडदाचे पापड विकणारी वेबसाइट आहे, तिथे इंटर्नशिप करते. वस्तूच्या पानावर 'कॅश ऑन डिलिव्हरी मिळेल' अशी ठळक पट्टी लावून आम्ही दहा दिवस स्प्लिट टेस्ट चालवली. पट्टी नसलेल्या पानावर २,००० जण आले, ४० ऑर्डरी मिळाल्या. पट्टीवाल्या पानावर २,००० जण, ५४ ऑर्डरी. सहाव्या दिवशी स्क्रीनवर ९५ टक्के कॉन्फिडन्स दिसत होता, दहाव्या दिवशी ८६ झाला. मालकांना आम्ही भाऊ म्हणतो. ते म्हणतात, जिंकलो, पट्टी कायम ठेवू. मला पुण्यात डेटा ॲनालिस्टची नोकरी हवी आहे. रेझ्युमेत 'विक्री ३५ टक्क्यांनी वाढवली' असं लिहू का?"*

नको लिहूस. मुलाखत घेणारा जरा जाणकार असला, तर त्याचा पहिलाच प्रश्न 'किती ऑर्डरींवर?' असा येईल. तू '४० आणि ५४' म्हणालीस की ते ३५ टक्के तिथेच गळून पडतील. पण याच टेस्टवर तू वीस मिनिटं नीट बोलू शकलीस, तर ते त्या एका ओळीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. म्हणून आधी निकाल वाचू.

कॉलेजात आर वापरलं असशीलच. हे चालवून बघ:

```r
prop.test(c(54, 40), c(2000, 2000), correct = FALSE)
```

पी-व्हॅल्यू साधारण ०.१४ येते. स्क्रीनवरचे ८६ टक्के म्हणजे हाच आकडा उलटा करून दाखवलेला. भाऊंनी त्याचा अर्थ 'पट्टी चांगली असण्याची शक्यता ८६ टक्के' असा लावला असणार, बहुतेक जण तसाच लावतात. खरा अर्थ वेगळा आहे. पट्टीने काडीचाही फरक पडत नसता, तरी निव्वळ योगायोगाने शंभरातल्या चौदा टेस्टमध्ये इतका किंवा याहून मोठा फरक दिसला असता, एवढंच ती पी-व्हॅल्यू सांगते.

त्याच उत्तरात खाली ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल असतो. भाऊंशी बोलताना मी पी-व्हॅल्यू बाजूला ठेवून तोच दाखवेन. तो उणे ०.२४ ते अधिक १.६४ टक्के-अंक असा येतो. भाऊंच्या भाषेत सांगायचं तर, हजार गिऱ्हाइकांमागे पट्टीमुळे दोन ऑर्डरी कमी होत असतील किंवा सोळा जास्तही होत असतील, हातातल्या माहितीत दोन्ही बसतं. पट्टी वाईट ठरली असं यातून निघत नाही. फक्त 'जिंकलो' म्हणण्याइतका पुरावा नाही.

मग सहाव्या दिवशी ९५ कसे दिसले? सुरुवातीला ऑर्डरी मोजक्या असतात, दोन-चार इकडच्या तिकडे झाल्या की टक्का उड्या मारतो. रोज स्क्रीन उघडायची आणि ९५ दिसले त्या दिवशी थांबायचं, असं केलं की चुकून 'जिंकलो' म्हणण्याची शक्यता पाच टक्के राहत नाही. दहा वेळा डोकावून त्यातल्या कुठल्याही वेळी थांबायची मुभा घेतली, तर ती वीस टक्क्यांच्या जवळ जाते. तुम्ही सहाव्या दिवशी थांबला नाहीत, हे बरं झालं. मुलाखतीत हे आवर्जून सांग.

आता किती गिऱ्हाइकं लागली असती ते बघू. हे गणित टेस्ट सुरू करण्याआधी करायचं असतं. ढोबळ सूत्र असं: प्रत्येक पानाला लागणारी गिऱ्हाइकं = 16 × p × (1 − p) ÷ d². यात p म्हणजे दोन्ही पानांच्या ऑर्डर-दराची सरासरी आणि d म्हणजे जेवढा फरक पकडायचा आहे तो. पाच टक्के सिग्निफिकन्स आणि ८० टक्के पॉवर यात धरलेली आहे. दर २ वरून २.५ टक्क्यांवर गेला तर कळायला हवा असेल, तर एकेका पानाला साधारण १४ हजार जण लागतात. तुमच्याकडे दिवसाला ४०० येतात, म्हणजे सत्तर दिवस. २ वरून ३ टक्के एवढी मोठी उडी पकडायची असेल, तर एकेका पानाला ३,९०० पुरतात आणि तीन आठवड्यांत काम होतं. फरक निम्मा केला की गिऱ्हाइकं जवळपास चौपट लागतात, कारण खाली d चा वर्ग आहे. त्यामुळे तुमच्या आकाराच्या दुकानाने बटणाच्या रंगाची टेस्ट घेण्यात अर्थ नाही. मोठा फरक पडू शकेल अशाच गोष्टी तपासाव्यात. आणि टेस्ट पूर्ण आठवड्यांत मोजावी, दहा दिवसांत काही वार दोनदा येतात आणि काही एकदाच. आखाजीच्या तोंडावर टेस्ट घेतली, तर तो निकाल सणाच्या गर्दीचा असतो, एरवीच्या महिन्यांना तो लागू होईलच असं नाही.

पण मला खरी शंका वेगळीच आहे. तुम्ही ऑर्डरी मोजल्या, पैसे मोजले नाहीत. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल आगाऊ पैसे भरलेल्या पार्सलपेक्षा जास्त वेळा परत येतं. कोणी दार उघडत नाही, कोणी 'आता नको' म्हणतं. जाण्या-येण्याचं भाडं भाऊंच्या डोक्यावर बसतं, वर परत आलेल्या वेफर्सचा चुरा झालेला असतो.

माझ्याकडे तुमचे परतीचे आकडे नाहीत, म्हणून मानून चालते. पोचलेल्या ऑर्डरीमागे १८० रुपये सुटतात आणि परतीच्या पार्सलमागे १२० रुपये जातात असं धर. पट्टी नसलेल्या पानाच्या ४० पैकी ४ परत आल्या, तर ३६ ऑर्डरींचे ६,४८० रुपये, त्यातून ४८० वजा, हातात ६,०००. पट्टीवाल्या ५४ पैकी १५ परत आल्या, तर ३९ ऑर्डरींचे ७,०२० रुपये, वजा १,८००, हातात ५,२२०. ऑर्डरी ३५ टक्के वाढल्या आणि गल्ला १३ टक्क्यांनी घटला. हेही मोजक्या ऑर्डरींवरचं गणित आहे, तेव्हा खरे आकडे हाती आल्यावरही त्यावरून उलटा दावा ठोकू नकोस. पण कुठला आकडा बघायचा ते यातून कळतं: पानावर आलेल्या दर गिऱ्हाइकामागे परतीचा खर्च जाऊन किती रुपये उरले.

म्हणून उद्या भाऊंकडून, किंवा त्यांच्या कुरिअरवाल्याकडून, त्या ९४ ऑर्डरींची यादी घे. कुठली ऑर्डर कुठल्या पानावरून आली आणि तिचं पुढे काय झालं, हे एका शीटमध्ये समोरासमोर मांड. काही पार्सलं अजून वाटेत असतील, त्यांचा निकाल लागेपर्यंत थांब. पट्टी कायम ठेवायचा निर्णय तोवर घेऊ नका असं भाऊंना सांग. ते ऐकतीलच असं नाही, पैसे त्यांचे आहेत.

रेझ्युमेत असं लिही: 'उत्पादनाच्या पानावरील बदलाची स्प्लिट टेस्ट चालवली. ४,००० भेटी, निकाल अनिर्णित. आवश्यक सॅम्पल साइज काढून पुढील टेस्ट आखली, ऑर्डर-दराऐवजी परतीचा खर्च वजा जाता दर भेटीमागील नफा हे मोजमाप सुचवलं.' 'अनिर्णित' लिहायला घाबरू नकोस. पुण्यातल्या ज्या कंपन्या रोज टेस्ट चालवतात, त्यांच्याकडेही बहुतेक टेस्ट अशाच निघतात, आणि हा शब्द वाचून पुढचा प्रश्न विचारणारा माणूसच तुला साहेब म्हणून हवा आहे. पुढची टेस्ट मात्र रेझ्युमे पाठवण्याआधी खरोखर आखून ठेव. ऑनलाइन पैसे भरणाऱ्याला ३० रुपये सूट दिली तर दर गिऱ्हाइकामागचा नफा वाढतो का, हे तपासण्यासारखं आहे. फक्त रुपयांचे आकडे ऑर्डरीगणिक खूप वरखाली होतात, त्यामुळे वरचं सूत्र तिथे तसंच चालणार नाही. p × (1 − p) च्या जागी दर भेटीमागच्या नफ्याचा व्हेरियन्स घालावा लागेल, आणि तो तुझ्या त्या शीटमधूनच निघेल. ज्यांनी काही घेतलं नाही त्यांचे शून्य रुपये मात्र त्यात धरायला विसरू नकोस.