उसनी लेन्स फुटली: माफीच्या मेसेजमध्ये काय लिहावं?

"मित्राची कॅमेऱ्याची लेन्स लग्नासाठी आणली होती, शनिवारी परत द्यायची होती. राहून गेलं. मंगळवारी घरी टेबलावरून पडली, पुढची काच तडकली. फोटोसह माफीचा मेसेज करायचाय, पण भाऊ म्हणतो लेखी कबुली देऊ नकोस. काय लिहू?"
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उसन्या वस्तूंबद्दल लिहिणारे बहुतेक जण वस्तू कशी पडली तेच सांगत बसतात. तुमचं प्रकरण ठरतं ते शनिवारवर. उसनी वस्तू स्वतःच्या वस्तूसारखी जपूनही बिघडली, तर भारतीय करार कायदा, १८७२ ची कलमं १५१ आणि १५२ तुम्हाला सांभाळून घेतात. पण तुमच्या चुकीने ती वेळेवर परत गेली नाही, तर कलम १६१ लागतं आणि मुदतीनंतरचं नुकसान तुमच्यावर येतं, मग काळजी कितीही घेतलेली असो. पुण्यातल्या पुण्यात लेन्स पोचवायला तुम्हाला तीन दिवस मिळाले होते!

आधी चॅट नीट वाचा. मित्राने 'राहू दे, पुढच्या आठवड्यात दे' असं लिहिलं असेल, तर मुदत वाढली असं म्हणता येईल. तसं काही नसेल, तर गप्प राहून जबाबदारी टळत नाही. मेसेज कबुली म्हणून कोर्टात दाखवता येतो, हे भावाचं म्हणणं खरं आहे. पण त्यात जे कबूल कराल, ते कायद्याने तुमच्यावर आधीच टाकलेलं आहे. आणि एवढ्या रकमेसाठी वर्षानुवर्षं तारखा घेण्यात दोघांचंही नुकसान आहे.

एवढंच लिहा:

"शनिवारी द्यायची लेन्स माझ्याकडेच राहिली आणि मंगळवारी घरी टेबलावरून पडली. फोटो पाठवतोय. पुढच्या काचेला कडेपासून मध्यापर्यंत तडा आहे, पुढची रिंग एका बाजूला चेपली आहे. आत काय झालंय ते कळत नाही, कॅमेऱ्याला लावून पाहिलेली नाही. चूक माझी, माफ कर. तू म्हणशील तिथे दाखवू, दुरुस्तीचा खर्च मी देतो."

यातलं जे तुमच्या बाबतीत खरं नसेल, ते बदला. फोटोत दिसतं त्यापलीकडे मात्र जाऊ नका. 'फक्त काच गेली' नको, 'नवीन घेऊन देतो' तर मुळीच नको. पुष्कळदा तडकलेली काच लेन्सची नसतेच, तिच्यावर बसवलेल्या संरक्षक फिल्टरची असते, आणि मागची लेन्स शाबूत निघते. दुरुस्ती होणार नसेल, तरी भरपाई साधारणपणे त्या वापरलेल्या लेन्सच्या किमतीएवढीच धरली जाते. नेमका आकडा बिल आणि लेन्सचं वय पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

चेपलेली रिंग पक्कडीने फिरवू नका. आतल्या काचेवर ओरखडा आला, तर तो पडण्याचा की पक्कडीचा, हे नंतर ठरवता येत नाही. मेसेज आजच पाठवा. आणखी दिवस गेले, तर मधल्या काळात तुम्ही लेन्स उघडली होती का, हे मित्र विचारणारच.