डे केअर सर्जरीच्या माहितीपत्रकात काय लिहावं?

प्रश्न: जळगावच्या आमच्या रुग्णालयात डे केअर सर्जरी सुरू होतेय. रुग्ण आणि रुग्ण पाठवणारे डॉक्टर, दोघांसाठी एकच लेख आहे. त्यात काय हवंच?

उत्तर: सगळ्यात जास्त जागा उपाशीपोटाला द्या, कारण ऑपरेशन तिथेच रद्द होतं. 'सकाळी काही खाऊ नका' एवढंच लिहिलं तर चोपड्याहून निघालेला हर्नियाचा रुग्ण वाटेत चहा घेतोच. चहा म्हणजे खाणं नव्हे, असं त्याला वाटतं. पण दूध पोटात जेवणासारखंच रेंगाळतं आणि भूल देताना उलटी फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून वेळेसकट लिहा: ऑपरेशन ११ला असेल तर हलकं खाणं आणि दुधाचा चहा पहाटे ५पर्यंतच, तेलकट जेवण आदल्या रात्री संपवायचं, साधं पाणी मात्र ९पर्यंत चालेल. खान्देशातल्या मे महिन्यात ही पाण्याची सूट ठळक छापा, नाहीतर लोक रात्रीपासून कोरडे येतात.

डॉक्टरांसाठी वेगळी चौकट करा. चिठ्ठीत रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या डोससह लिहायला सांगा. गोळी कधी थांबवायची ते भूलतज्ज्ञ ठरवतील. रुग्णाने परस्पर बंद करू नये.

घरी सोडण्याची अटही आधीच कळवा: सोबत जाणती व्यक्ती, २४ तास गाडी चालवायची नाही. कमरेतून भूल दिली असेल तर पायांत ताकद येऊन लघवी झाल्याशिवाय सोडत नाहीत. घरी गेल्यावर लघवी तुंबली किंवा जखमेची सूज वाढली, तर रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या. तो नसेल तर सेवा अजून सुरू करू नका.