पॉवर बँक परत मागवण्याची सूचना

आमच्या पॉवर बँकेच्या एका बॅचमधले सेल तापतात. ग्राहकांना कळवताना सुरुवात कशाने करू?

‘ही पॉवर बँक वापरणं आणि चार्ज करणं आत्ताच थांबवा’ याच वाक्याने करा, दिलगिरी नंतर. ‘खबरदारी म्हणून’ हे शब्द गाळाच, कारण ते वाचून लोक धोका किरकोळ समजतात आणि वस्तू वापरत राहतात. मग दोष सरळ सांगा: सेलच्या आत शॉर्ट सर्किट होऊन तो पेट घेऊ शकतो. बॅच क्रमांक नेमका कुठे छापलाय, ते फोटोत बाण काढून दाखवा. बदलीसाठी त्या क्रमांकाचा फोटो पुरे समजा. बिल मागितलंत तर बरेच जण तिथेच थांबतील. मात्र जुनी पॉवर बँक साध्या कुरिअरने मागवू नका. सदोष लिथियम सेल वाटेतही पेटू शकतो, म्हणून ती कुठे जमा करायची ते सूचनेतच लिहा आणि कचऱ्यात टाकू नका, हेही.