ऑडिओग्राममधला चार हजारांचा खड्डा कसा वाचायचा

समजा समोरच्या कागदावर 500 आणि 1000 हर्ट्झला 15 डेसिबल, 2000 ला 20, 4000 ला एकदम 50 आणि 8000 ला परत 25 आहे. असा खड्डा दिसला की आधी आवाजाचा इतिहास विचारा: प्रेसशॉप, ढोल-ताशा, जनरेटर.

कर्णशंखात प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते. तीव्र स्वर तळाशी, मध्यकानाला लागून. खर्ज पार टोकाला. मग सगळ्यात तळाचं 8000 आधी का जात नाही? कारण साधारण अडीच सेंटीमीटरची कर्णनलिका 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत सोडते, आणि मोठ्या आवाजात मार बसतो तो त्या स्वराच्या थोड्या वरच्या जागेवर. तिथल्या बाहेरच्या केशपेशी आधी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात आलेख 8000 कडे उतरतच जातो, वर येत नाही. उतारवयात मात्र दोन्ही एकत्र येतात आणि खड्डा पुसट होतो. म्हणून 3000 आणि 6000 कधीही गाळू नका.

पेशंट म्हणेल, “आवाज येतो हो, शब्द कळत नाही.” ते अगदी खरं असतं. ‘आ’, ‘ओ’सारखे भाषेतले स्वर खालच्या पट्टीत शाबूत असतात, ‘स’ वरच्या पट्टीत हरवतो, आणि ‘साठ’चं ‘आठ’ ऐकू येतं.

कामावरून थेट आलेल्याची चाचणी लगेच करू नका. किमान 14 तास शांततेत गेले पाहिजेत, नाहीतर तात्पुरता थकवा कायमचा दोष म्हणून नोंदला जाईल.