परदेशी कंपनीला अर्ज पाठवताना सोबतच्या ईमेलमध्ये काय लिहावं?

"मी वाळूज एमआयडीसीत क्वालिटी इंजिनिअर आहे. जर्मनीतल्या कंपनीला सीव्ही पाठवतोय. सोबतच्या मेलमध्ये काय लिहू?"

पाच-सहा वाक्यं पुरेत: कोणती जागा, तुमचं मोजता येणारं एक काम, व्हिसाची स्थिती आणि कधी रुजू होऊ शकता. मी संभाजीनगरात भरतीचं काम बघतो. बरेच परदेशी मॅनेजर मेल फोनवर उघडतात आणि पुढे वाचायचं की नाही ते पहिल्या काही ओळींत ठरवतात.

विषयात पदाचं नाव आणि जाहिरातीतला नंबर टाका. 'रिस्पेक्टेड सर' नको, 'डिअर मिस्टर' किंवा 'डिअर मिझ' आणि जाहिरातीत दिलेल्या व्यक्तीचं आडनाव. मग थेट काम: "ब्रेक पार्ट्सच्या लाइनवर रिजेक्शन तीन टक्क्यांवरून एक टक्क्यावर आणलं." हे वाक्य असलं की 'मेहनती', 'प्रामाणिक' लिहावं लागत नाही. आकडा मात्र मुलाखतीत समजावून सांगता येईल असाच द्या. "संधी दिल्यास उपकार होतील" हे काढाच, तुम्ही काम मागताय, मदत नाही.

व्हिसा लपवू नका. "वर्क व्हिसा लागेल, नोटीस पिरियड दोन महिने" एवढं सरळ लिहा. परदेशी विद्यापीठांची माहिती देणाऱ्या anabin या जर्मन डेटाबेसमध्ये तुमचं विद्यापीठ H+ म्हणजे मान्यताप्राप्त दाखवत असेल तर तेही एका ओळीत सांगा, पदवीच्या मान्यतेचा त्यांचा मोठा प्रश्न हलका होतो. सीव्ही आणि प्रमाणपत्रं एकाच पीडीएफमध्ये जोडा.

कंपनी फक्त पोर्टलवरून अर्ज घेत असेल, तर वेगळा मेल करू नका. हाच मजकूर तिथल्या कव्हर लेटरच्या रकान्यात टाका.