पोटरी उडते म्हणून दिवसभर चवड्यांवर उभा राहणारा पोरगा

"ताई, टेन्शन आलं की माझी डाव्या डोळ्याची खालची पापणी फडफडते, पोटरीत काहीतरी उडतं अन् हात थरथरतात. नसांचा मोठा आजार तर नसेल ना?"

तू विचारलंस तशीच भीती घेऊन एमपीएससीची तयारी करणारा एक पोरगा नागपूरच्या धंतोलीत माझ्याकडे आला होता. रात्री 2 पर्यंत अभ्यास, टपरीवरचे 7-8 कट चहा, आधी पापणी फडफडायला लागली मग पोटरी, अन् मोबाईलवर शोधता शोधता त्याला मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जाण्याचा आजार सापडला, तेव्हापासून झोपच गेली.

मी आधी त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, कारण नसा तपासणं माझं काम नाही. डॉक्टरांनी हातापायांची ताकद बघितली, स्नायू बारीक झालेत का ते बघितलं, थायरॉईडची टेस्ट केली, सगळं नॉर्मल. तरी पोटरी उडायची थांबेना.

बोलता बोलता कळलं की हा ताकद गेली का हे बघायला दिवसातून 40-50 वेळा चवड्यांवर उभा राहतो. म्हणजे पोटरीला रोज दमवतो, अन् दमलेला स्नायू आराम करताना जास्तच उडतो! वरून रात्री दिवा लावून पोटरीकडे बघत बसायचा, मग जे एरवी लक्षातही आलं नसतं ते प्रत्येक फडफडणं मोजलं जायचं.

होतं काय की घाबरल्यावर अ‍ॅड्रिनलिन वाढतं, त्याने हाताचं नेहमीचंच बारीक थरथरणं डोळ्यांना दिसण्याइतकं मोठं होतं. श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो अन् नसा चटकन सिग्नल सोडतात, बोटांना मुंग्याही येतात. जागरण अन् चहा-कॉफीने पापणीची बारीक नस स्वतःहूनच सिग्नल सोडत राहते.

आम्ही आधी चवड्यांची तपासणी बंद केली, एकदम नाही, रोज 10 ने कमी करत. चहा हळूहळू 2 कपांवर आणला, झोप रात्री 11 ला. पापणी दोनेक आठवड्यांत शांत झाली, पोटरी मात्र पेपरच्या आधी अजूनही उडते, त्याला आता त्याची भीती वाटत नाही.

तुझंही असं टेन्शनसोबत येत-जात असेल, ताकद शाबूत असेल तर बहुतेक वेळा धोका नसतो. पण फडफडताना डोळा पूर्ण मिटत असेल, पापणी खाली पडत असेल, फडफड गालापर्यंत किंवा तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत जात असेल, तीनेक आठवडे होऊनही थांबत नसेल, किंवा चप्पल पायातून निसटणं, हातातून वस्तू पडणं, स्नायू बारीक होणं असं काही दिसलं तर वाट नको बघू, डॉक्टरांना दाखव. अन् दम्याचा पंप घेत असशील तर तेही सांग, त्यानेही हात थरथरतात.